‘किती घेता?’ हे नीट विचारण्याबद्दल

दवाखान्यात दारूचा विषय साधारणपणे दोनच वेळा निघतो. पहिल्यांदा नवा केस पेपर काढताना. ‘तंबाखू, दारू काही?’ असं घाईत विचारलं जातं आणि ‘कधीतरी, कार्यक्रम असला तर’ हे उत्तर तितक्याच घाईत टिपून घेतलं जातं. दुसऱ्यांदा निघतो तो थेट कावीळ झाल्यावर, पोटात पाणी झाल्यावर किंवा घरची बाई रडत आल्यावर. मग डॉक्टर म्हणतात, ‘आता बंद करा, नाहीतर काही खरं नाही.’ या दोन वेळांमध्ये दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. त्या वर्षांत हाच माणूस बीपीसाठी, ॲसिडिटीसाठी, झोप लागत नाही म्हणून, गाडीवरून पडून खरचटलं म्हणून कितीतरी वेळा समोरच्या स्टुलावर बसून गेलेला असतो. माझं म्हणणं असं की दारूच्या बाबतीत फॅमिली डॉक्टरला खरोखर काही करता येतं ते याच मधल्या वर्षांत, आणि ते करण्याचं साधन म्हणजे माप. किती जाते ते मोजायचं, तिचा समोरच्या तक्रारीशी असलेला संबंध एका वाक्यात सांगायचा आणि पुढचा आकडा रुग्णाकडूनच ठरवून घेऊन तारखेसह लिहायचा. याला पाच ते दहा मिनिटं लागतात. ही मिनिटं बहुतेकदा वाया जातात, कारण आपण मोजण्याआधीच सल्ला देऊन बसतो.

ही मधली मंडळी किती आहेत, याचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून येतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने ती केली होती. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात असं त्यात आढळलं. मदतीची गरज असावी इतपत त्रासदायक पिणं ५.२ टक्के लोकांचं होतं. त्यातच एकूण लोकांपैकी २.७ टक्के पूर्ण व्यसनाधीन येतात. म्हणजे मदत लागणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक अजून त्या टोकाला पोचलेले नाहीत. ते कामावर जातात, हप्ते भरतात, मुलांच्या शाळेत पालकसभेला हजर असतात. स्वतःला ते बेवडा समजत नाहीत आणि त्यांचं चुकतही नाही. व्यसनमुक्ती केंद्राची पायरी ते चढणार नाहीत, आणि चढायचं ठरवलं तरी तिथे त्यांना जागा मिळेलच असं नाही. त्याच पाहणीनुसार पूर्ण व्यसनाधीन माणसांपैकीसुद्धा ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळालेले होते. ज्या एका जागी हे मधले लोक आपणहून येतात, ती म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना.

मोजायचं तर आधी एकक ठरवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक ‘ड्रिंक’ धरते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलिटरचं वजन ०.७९ ग्रॅम. म्हणून ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये जवळजवळ बरोब्बर १० ग्रॅम भरतं. पुढचा हिशेब तोंडपाठ होण्यासारखा आहे. लार्ज म्हणजे दोन ड्रिंक, नाइन्टी म्हणजे तीन, क्वार्टर म्हणजे सहा. खरा घोळ बिअरचा आहे. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर’ असं सांगणारा माणूस ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली रिचवतो तेव्हा त्याच्या पोटात चार ड्रिंक गेलेले असतात, नाइन्टीपेक्षा एक जास्त. माइल्ड बाटलीत अडीच असतात. देशीच्या बाटलीवर लिहिलेला टक्का वाचावा आणि त्याच रीतीने मोजावं. हातभट्टीला मात्र माप नाही. तिथे हिशेब करत बसू नये. तिच्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो, एवढंच स्पष्ट सांगावं.

हे एकक हाताशी आलं की विचारायचे प्रश्न तीनच. ते संघटनेच्याच ‘ऑडिट’ नावाच्या दहा प्रश्नांच्या चाचणीतले पहिले तीन आहेत. छापील भाषांतर वाचून दाखवलं तर रुग्ण गोंधळतो, म्हणून ते क्वार्टरच्या भाषेत विचारावेत. पहिला: ‘बिअर, इंग्लिश, देशी, ताडी, सगळं धरून वर्षभरात किती वेळा घेणं होतं? महिन्यातून एखाद्या वेळी, दोन-चारदा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, की चार किंवा जास्त दिवस?’ कधीच नाही याला शून्य आणि पुढे क्रमाने एक ते चार गुण. दुसरा: ‘घेता त्या दिवशी साधारण किती होते? लार्जपर्यंत, नाइन्टी, क्वार्टर, की त्याच्या वर?’ एक-दोन ड्रिंकला शून्य, तीन-चारला एक, पाच-सहाला दोन, सात ते नऊला तीन, दहा किंवा जास्तला चार. तिसरा: ‘एका बैठकीत पूर्ण क्वार्टर किंवा दीड बाटली स्ट्राँग बिअर, निदान एवढी, कितीदा होते? हळद, लग्न, थर्टी फर्स्ट सगळं धरून.’ कधीच नाहीला शून्य, महिन्यातून एकदाही नाही पण कधीतरी होते त्याला एक, मग महिन्याला, आठवड्याला आणि जवळजवळ रोज यांना दोन, तीन, चार. बारापैकी पुरुषाचे चार किंवा बाईचे तीन गुण झाले तर उरलेले सात प्रश्न विचारायचे. बायकांना वगळू नये. त्याच पाहणीत घेणाऱ्या बायकांचं प्रमाण १.६ टक्के आढळलं. ते कमी आहे खरं, पण कोणी विचारतच नाही म्हणून त्यांचा त्रास फार उशिरा कळतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोक खोटं सांगतात. सांगतात, पण ते कसं विचारलं जातं यावरही पुष्कळ अवलंबून असतं. ‘दारू पिता का?’ हा प्रश्न आपल्याकडे चारित्र्याची चौकशी वाटतो आणि त्याला ‘नाही’ हेच सभ्य उत्तर असतं. ‘किती होते?’ या प्रश्नात घेणं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे नाकारण्याचं ओझं रुग्णावर पडत नाही. पर्याय वरच्या आकड्यापर्यंत वाचून दाखवले की आपल्यापेक्षा जास्त घेणारे आहेत हे त्याला कळतं आणि खरा आकडा सांगायला तो कचरत नाही. बायको, मुलगा किंवा शेजारचा पेशंट ऐकत असताना मात्र हे विचारूच नये. बीपी तपासायला आतल्या टेबलावर घेतो तीच जागा बरी. आधी एक वाक्य पेरावं: ‘बीपीच्या सगळ्याच पेशंटना मीठ, झोप, तंबाखू आणि दारूबद्दल विचारतो, गोळी ठरवायला लागतं.’ यात खोटं काही नाही आणि आपल्यावर खास संशय घेतला जातोय असंही वाटत नाही. वर्षातली वेळही पाहावी. श्रावणात विचारलं तर बरेच जण ‘सध्या बंद आहे’ म्हणतात आणि ते खरंच असतं. तेव्हा गटारीच्या आधीचे दोन महिने कसे होते ते विचारायचं. एवढं करूनही कोणी निम्मंच सांगेल. चालेल. निम्मं सांगूनही जो धोक्याच्या रेषेपलीकडे जातो, त्याच्याबद्दल शंका उरत नाही.

सल्ल्याकडे वळण्याआधी एक थांबा घ्यावाच लागतो, आणि तो चुकवला तर आपलंच बोलणं अपाय करतं. ज्याच्या शरीराला दारूची सवय लागली आहे त्याला ‘उद्यापासून बंद’ सांगणं धोक्याचं असतं. विचारायचं एवढंच: ‘सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? ते थांबायला थोडी घ्यावी लागते का? एखाद-दोन दिवस मिळाली नाही तर घाम, धडधड, उलटी, झोप उडणं होतं का? पूर्वी कधी फिट आली किंवा भास झाले?’ शेवटचा घोट घेतल्यानंतर काही तासांत थरथर सुरू होते, फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते आणि भ्रम होऊन बडबड सुरू होते ती दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. हाड मोडून भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री पलंगावरून उठून ‘भिंतीवर किडे आहेत’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा हेच असतं आणि नातेवाईक त्याला बाहेरची बाधा समजतात. यातल्या कशालाही ‘हो’ म्हणणाऱ्या किंवा दहा प्रश्नांत २० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या माणसाला आटोक्यात घेण्याचं उद्दिष्ट देऊ नये. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवावं आणि तोवर एकदम थांबवू नका असं सांगावं. ग्लुकोजची बाटली लावायची वेळ आलीच तर आधी थायमिन द्यावं. जिल्हा रुग्णालय, पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, हे पत्ते टेबलाच्या काचेखाली असलेले बरे. इथे श्रावणाचा आणखी एक उपयोग होतो. जो माणूस गेल्या वर्षी महिनाभर काहीही त्रास न होता थांबला होता आणि त्यानंतर ज्याचं पिणं फारसं वाढलेलं नाही, त्याला शारीरिक अवलंबित्व असण्याची शक्यता बरीच कमी. आणि आपल्याला थांबता येतं, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

आता एक उदाहरण आकड्यांसकट. समजा, पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत, एमआयडीसीत सुपरवायझर. बीपी १५२/९६, दोन महिने गोळी चालू, तरी उतरत नाही. पोट सुटलेलं, रात्री दोनला जाग येते ही तक्रार. विचारल्यावर चित्र असं निघतं: मंगळवार, बुधवार, शुक्रवार प्रत्येकी नाइन्टी, शनिवारी आणि रविवारी पूर्ण क्वार्टर. आठवड्याचे २१ ड्रिंक, २१० ग्रॅम. आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस म्हणून चार गुण, नेहमीचं माप तीन ड्रिंक म्हणून एक, आठवड्याला क्वार्टर म्हणून तीन. पहिल्या तिनांतच आठ झाले. पुढच्या सातांत सकाळी घेण्याला शून्य, इजेला शून्य, आदल्या रात्रीचं न आठवण्यालाही शून्य. एकदा सुरू केल्यावर थांबता न येणं वर्षात एक-दोनदा झालं, त्याला एक. कामाची जबाबदारी चुकण्याला एक. दुसऱ्या दिवशी अपराधी वाटणं महिन्याला होतं, त्याला दोन. आणि ‘घरच्यांनी कमी करा म्हटलंय का?’ याला ‘याच वर्षी म्हटलंय’ असं उत्तर आलं, म्हणजे चार. एकूण १६. ऑडिटच्या पुस्तिकेप्रमाणे ८ ते १५ ला साधा सल्ला पुरतो, १६ ते १९ ला थोडक्यात समुपदेशन आणि पाठपुरावा लागतो. आपल्या गृहस्थांना थरथर नाही, फिट नाही, गेल्या श्रावणात ते आरामात थांबले होते. म्हणजे हा माणूस आपलाच, पुढे पाठवण्याचा नाही.

इथे जीभ आवरावी लागते. लिव्हर, कॅन्सर, संसार, मुलं, सगळं एका दमात सांगायचा मोह होतो. सांगायचं मात्र एकच, आणि तेही ज्या तक्रारीसाठी तो आला आहे तिच्याबद्दल: ‘तुमच्या हिशेबाने आठवड्याला साडेतीन क्वार्टर होतात. एवढ्याने बीपी चढतं राहतं आणि रात्री दोनची जागही बहुतेक त्यामुळेच. तुम्हाला काय वाटतं?’ शेवटचा प्रश्न शिष्टाचारासाठी नाही. उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं असतं. हा संबंध आपण घाबरवण्यासाठी जोडलेला नाही. २०१७ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला दोनपेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांनी प्रमाण कमी केल्यावर बीपी उतरलं. सहाहून जास्त घेणाऱ्यांनी निम्मं केलं तेव्हा वरचं बीपी सरासरी साडेपाच आकड्यांनी खाली आलं. दोन किंवा कमी घेणाऱ्यांमध्ये फरक दिसला नाही. म्हणून महिन्यातून दोनदा एखादा पेग घेणाऱ्याला ‘बीपी त्यामुळेच आहे’ असं ठोकून देऊ नये. त्याला ते पटत नाही आणि पुढचं काहीच पटेनासं होतं. आपले गृहस्थ दिवसाला सरासरी तीनवर आहेत. त्यांच्या बाबतीत हे वाक्य खरं आहे.

त्यानंतर दोन प्रश्न. ‘घेतल्याने बरं काय वाटतं?’ आणि ‘न आवडणारं काय आहे?’ पहिल्याचं उत्तर मनापासून ऐकलं नाही तर दुसऱ्याचं खरं उत्तर येत नाही. शिफ्ट सुटल्यावर चौघांत बसणं, चकणा, गप्पा, थोडा वेळ कोणी काही मागत नाही, हे सगळं खरं असतं आणि दारू कमी करताना ते कुठून भागणार, हा प्रश्न त्याला पडलेलाच असतो. दुसऱ्या उत्तरात सहसा आरोग्य नसतं. पैसा असतो, सोमवारची सकाळ असते, मुलीने बोलणं टाकलेलं असतं. तेच शब्द परत उच्चारायचे: ‘म्हणजे सोमवारी कामावर डोकं चालत नाही हे तुम्हाला खुपतंय.’ मग आपलं मत लपवू नये. ‘डॉक्टर म्हणून विचाराल तर बीपी आटोक्यात येईपर्यंत पूर्ण बंद केलेली उत्तम. ते जमणार नसेल तर बरीच कमी करावी. ठरवायचं तुम्ही.’ हे ‘ठरवायचं तुम्ही’ काहींना पळवाट वाटतं. माझा अनुभव उलट आहे. आपण आकडा दिला की माणूस मान डोलावतो आणि दवाखान्याबाहेर पडताच विसरतो. स्वतः बोललेला आकडा त्याला निदान आठवतो तरी.

आता उद्दिष्टाची गोष्ट, आणि इथेच पाश्चात्त्य पुस्तकं जशीच्या तशी चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत कमी धोक्याची मर्यादा दिवसाला दोन ड्रिंक आणि आठवड्यात निदान दोन कोरडे दिवस अशी दिलेली आहे, आणि बहुतेक संशोधन याच ‘कमी करण्या’च्या कल्पनेभोवती फिरतं. मात्र गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून ‘संगाथ’ संस्थेने केलेल्या आणि लॅन्सेटमध्ये २०१७ मध्ये छापून आलेल्या चाचणीत वेगळंच दिसलं. ऑडिटचे १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी जास्तीत जास्त चार बैठकांत समुपदेशन दिलं. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. तीन महिन्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात न घेणारे ४२ टक्के होते. समुपदेशन न मिळालेल्या गटात १८ टक्के. पण ज्यांनी घेणं चालूच ठेवलं, त्यांच्या मापात दोन गटांत फरक नव्हता. म्हणजे समुपदेशनाने काही जण पार थांबले, पण घेत राहिलेल्यांचं माप त्याने घटलं नाही. याचं कारण मला आपल्या रीतीत दिसतं. आपल्याकडे शून्याला समाजाचा आधार आहे, अर्ध्याला नाही. ‘माळ घातली’, ‘श्रावण पाळतोय’, ‘गोळ्या चालू आहेत’ असं म्हटलं की बैठकीतलं कोणी पुढे ग्लास सरकवत नाही. ‘मी आज साठच घेणार’ म्हणणाऱ्याला मात्र उरलेले तिघे हसतात आणि त्याचा ग्लास भरतात. शिवाय बाटली क्वार्टरची असते आणि घरी आणलेली क्वार्टर अर्धी उरत नाही.

म्हणून रुग्णापुढे पर्याय ठेवताना शून्य हा पर्याय आधी आणि मोकळेपणाने ठेवावा. कडक डॉक्टरची शिक्षा म्हणून नाही, तर बऱ्याच जणांना तोच सोपा जातो म्हणून. ‘कायमची सोडा’ मात्र म्हणू नये. ‘पुढचे तीस दिवस बंद ठेवून बीपी पाहू’ म्हणावं. मुदत असली की होकार लवकर येतो, आणि तीस दिवसांनी बीपीचा आकडा आपल्या वतीने बोलतो. ज्याला शून्य नकोच आहे त्याच्यासाठी कमी करण्याचं उद्दिष्ट काटेकोर हवं. आपल्या गृहस्थांनी समजा असं ठरवलं: मंगळवार-बुधवार बंद, शुक्रवारी साठ, शनिवारी आणि रविवारी नाइन्टी. हे आठ ड्रिंक झाले, एकवीसवरून आठ. आता ‘कसं’ हे त्यांच्याच तोंडून घ्यायचं. क्वार्टर विकत घ्यायची नाही, नाइन्टीचीच बाटली घ्यायची. बसण्याआधी जेवायचं. मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर परमिट रूमच्या रस्त्याने न जाता वेगळा रस्ता धरायचा. आणि ग्लास पुढे आला तर काय म्हणायचं, ते वाक्य इथेच एकदा बोलून बघायचं. ‘बीपीची गोळी बदललीय, डॉक्टरने नाही म्हटलंय’ हे बहुतेकांना तोंडात बसतं आणि खरंही असतं. हे सगळं प्रिस्क्रिप्शनच्याच कागदावर, औषधांच्या खाली, तारखेसह लिहावं. काही जणांना मात्र कमी करण्याचा पर्याय देऊच नये: गरोदर स्त्री, कावीळ किंवा लिव्हर सिऱ्होसिस झालेला, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेला, फिटची किंवा झोपेची गोळी घेणारा. त्यांच्यासाठी शून्यच, आणि शरीराला सवय असेल तर ते शून्य देखरेखीखाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो घेणारे डॉक्टर वाचणारे असतात. इंग्लंडमधली सिप्स नावाची चाचणी २०१३ मध्ये बीएमजेत आली. तिथल्या दवाखान्यांतल्या रुग्णांना तपासणीनंतर एका गटात नुसतं माहितीपत्रक, दुसऱ्यात त्याबरोबर पाच मिनिटांचा सल्ला, तिसऱ्यात त्याखेरीज वीस मिनिटांचं समुपदेशन मिळालं. तिन्ही गटांत पिणं कमी झालं आणि गटागटांत सांगण्यासारखा फरक राहिला नाही. २०१८ मध्ये कॉक्रेनने अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा छोट्या सल्ल्याने वर्षभरानंतर आठवड्याला सरासरी २० ग्रॅम, म्हणजे दोन स्मॉल पेग कमी झालेले दिसले, आणि लांबलेल्या समुपदेशनाने त्यात फारशी भर पडली नाही. मग एवढा खटाटोप कशाला, पत्रकच द्यावं! माझ्या मते या पुराव्याचा रोख उलटा आहे. सिप्सच्या पत्रकवाल्या गटालाही प्रश्न विचारले गेले होते आणि उत्तर मोजून सांगितलं गेलं होतं. म्हणजे बोलणं लांबवून मिळतं ते थोडंच. जे काही मिळतं ते बहुधा विचारण्यात आणि मोजून दाखवण्यातच आहे. गर्दीच्या दवाखान्याला ही चांगली बातमी आहे. आणि दोन पेग हा सरासरी आकडा आहे. त्यात काहीही न बदललेले असतात आणि पार थांबलेलेही असतात. आपला रुग्ण कोणत्या बाजूचा, हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच विचारायचं. एवढं मात्र मान्य करायला हवं की पूर्ण व्यसनाधीन माणसाच्या बाबतीत हा पुरावा लागू नाही. ‘पाच मिनिटं बोललो, आता जबाबदारी संपली’ असं त्याच्याबद्दल म्हणता येणार नाही.

वेळेचा आक्षेप मी फार लांबवणार नाही. पहिले तीन प्रश्न कंपाउंडर किंवा नर्स बीपी घेतानाच विचारू शकते, आणि गोव्यातल्या त्या चाचणीत पुढचं सगळं कामही बिगर-डॉक्टरांनीच केलं होतं. फी देऊन आलेला पेशंट दारूचं विचारल्यावर दुखावून दुसरीकडे जाईल, ही भीतीही मीठ विचारल्यावर कोणी जात नाही हे पाहता अवास्तव वाटते, अर्थात सगळ्यांना सारख्याच सुरात विचारलं तर. जास्त अवघड प्रसंग वेगळाच असतो. नवऱ्याला न सांगता बायको एकटी येते आणि म्हणते, ‘डॉक्टर, त्यांना कळू न देता भाजीत घालायला गोळी द्या.’ ती मागते ती डायसल्फिराम, किंवा बाजारातली कसलीतरी पावडर. डायसल्फिराम घेतलेल्याने वर दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं आणि जीवही जाऊ शकतो. ती फक्त रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि देखरेखीखाली दिली जाते. बाईला नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवू नये. घरी मारहाण होते का, हे तिला एकटीला विचारावं. रात्री प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका म्हणावं आणि त्याला पोटदुखीच्या, बीपीच्या, कशाच्याही निमित्ताने दवाखान्यात पाठवायला सांगावं. तो आल्यावर तिचं नाव घ्यायचं नाही. त्याच्याशी बोलणं त्या तीन प्रश्नांपासूनच सुरू होतं.

पुढची भेट दोन ते चार आठवड्यांनी, बीपीच्या तपासणीलाच जोडून. पहिला प्रश्न ‘पाळलं का?’ असा नको. ‘हे पंधरा दिवस कसे गेले, वाराप्रमाणे सांगा’ असा हवा. कॅलेंडरच्या चौकटीत रोजचा आकडा लिहून आणला असेल तर उत्तम, नसेल तर गेल्या सात दिवसांचा तोंडी हिशेब लावायचा. समजा, आपल्या गृहस्थांचे मंगळवार-बुधवार कोरडे गेले, शुक्रवार साठवर राहिला, पण शनिवारी मेहुण्याच्या घरी पुन्हा क्वार्टर झाली आणि रविवारी नाइन्टी. एकूण ११. ठरले होते आठ, सुरुवात होती २१. जमलेले दोन दिवस कसे जमले, हे आधी विचारायचं, कारण तीच युक्ती शनिवारला लावायची असते. मग शनिवार पाहायचा. मेहुण्याकडे नाइन्टीची बाटली नसते, तिथे खंबा उघडलेला असतो. त्या घरात कमी घेणं जमणार नसेल तर शनिवार शून्यावर न्यायचा की तिथे जेवणानंतरच पोचायचं, हे त्यांनी ठरवावं. जीजीटी ही रक्ततपासणी सुरुवातीला वाढलेली असेल तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करायला हरकत नाही. उतरलेला आकडा रुग्णाला आवडतो. पण ती चाळणी म्हणून वापरू नये. पुष्कळ पिणाऱ्यांमध्येही ती नॉर्मल येते आणि मग ‘रिपोर्ट चांगला आहे’ ही नवी सबब तयार होते. दोन-तीन भेटींनंतरही आकडा हलत नसेल, ठरवलेलं रोज मोडत असेल किंवा मधल्या काळात सकाळी घेणं सुरू झालं असेल, तर कमी करण्याचं उद्दिष्ट तिथेच थांबवायचं आणि पुढे पाठवायचं. नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही, रुग्णासमोरच फोन लावून तारीख घ्यावी लागते.